आढावा भातकापणीनंतर कशाला?

राजस्थानातल्या तीन विद्यापीठांना पाच वर्षे पीएच.डी.चे प्रवेश देता येणार नाहीत, हा विद्यापीठ अनुदान आयोगाचा जानेवारी २०२५ मधला निर्णय सगळ्यांनी वाचला. चर्चा झाली ती पदव्यांच्या बाजाराची. खरे काम आणि कागदावरचे काम यांतला फरक मात्र पदवीच्या आधी बरीच वर्षे, सहामाही आढाव्याच्या बैठकीतच दिसायला लागतो, आणि तिकडे कोणी फारसे बघत नाही.

आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार प्रत्येक संशोधकासाठी एक संशोधन सल्लागार समिती असते. बोलताना सगळे तिला ‘आरएसी’च म्हणतात. प्रत्येक सत्रात संशोधकाने समितीसमोर सादरीकरण करायचे आणि छोटा अहवाल द्यायचा. काम असमाधानकारक वाटले तर समितीने कारणे लिहून द्यायची, उपाय सुचवायचे, आणि शिफारशींची प्रत संशोधकालाही द्यायची. सुचवलेले उपाय अमलात आले नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारसही होऊ शकते. बैठक सत्रातल्या कोणत्या आठवड्यात घ्यायची, हे मात्र ठरवायचे निमंत्रकाने, आणि निमंत्रक म्हणजे मार्गदर्शक. साहजिकच तारीख निघते ती त्यांच्या डायरीतून: परीक्षा संपल्या, पेपर तपासून झाले, दिवाळी उरकली की ‘आता तुमचं घेऊन टाकू’. प्रयोगशाळेतल्या कामाला हे चालून जाते. कर्जत-खालापूरच्या शेतात काम करणाऱ्याचे मात्र अख्खे वर्ष त्यात जाऊ शकते.

एक कल्पित पण अगदी शक्य असे उदाहरण घेऊ. खोपोलीकडच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाई अर्धवेळ पीएच.डी. करताहेत. विषय भातखाचरातले तण. काही खाचरे कर्जतला उल्हासच्या बाजूची, काही खालापूरला पाताळगंगेच्या काठची. समितीत तिघे: ठाण्याच्या बाजूचे मार्गदर्शक, कालिन्याच्या विद्यापीठ विभागातले एक प्राध्यापक आणि कर्जतच्या भात संशोधन केंद्रातले एक शास्त्रज्ञ. १९१९ सालापासून भातावर काम करणारे केंद्र दाराशी असताना तिथला माणूस समितीत न घेणे म्हणजे करंटेपणाच.

लावणी १० जुलैला झाली असे धरू. अर्ध्या मीटरची चौरस चौकट खाचरात टाकायची, तिच्या आतले लव्हाळा, माका वगैरे उपटून मोजायचे, ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे आणि तोलायचे. लावणीनंतर ३० दिवसांनी एक नोंद आणि ६० दिवसांनी दुसरी, म्हणजे ९ ऑगस्ट आणि ८ सप्टेंबर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी झाली की खाचर रिकामे.

आता बैठक डिसेंबरात झाली आणि कालिन्याचे सर म्हणाले, ‘एका खाचरात तीनच चौकटी? आकड्यांत एवढी तफावत आहे, किमान पाच तरी हव्यात.’ सूचना शंभर टक्के बरोबर. पण ती अमलात येणार पुढच्या जुलैत. तीच सूचना २० ऑगस्टच्या सुमारास आली असती तर ८ सप्टेंबरची नोंद पाच चौकटींची झाली असती, आणि पहिल्या नोंदीत काय कमी पडले तेही वेळेत कळले असते. नियमाने मिळतात सहा वर्षे. त्यातला एक पावसाळा अभ्यासक्रमाच्या श्रेयांकांत जातो, शेवटचा प्रबंध लिहिण्यात. उरतात चार. त्यातला एक उशिरा आलेल्या बरोबर सल्ल्यापायी घालवायचा?

म्हणून माझे मत असे, की तारीख शेतावरून मागे मोजत यायची. पहिली नोंद हाती आलेली असावी आणि दुसरी व्हायची असावी, त्या चार आठवड्यांच्या फटीत बैठक बसवायची. कोकणात या फटीत आणखी एक मानकरी असतो, गणपती. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, आणि तिच्या आदल्या दोन दिवसांत तिघा कोकणवासीयांना एका खोलीत बसवून दाखवावे! त्या वर्षाच्या दिनदर्शिकेत बाईंना सोयीचा दिवस होता शुक्रवार, २२ ऑगस्ट. त्यासाठी तिघांना विचारायचे जुलैच्या पहिल्याच आठवड्यात, तेही ‘आपल्याला कधी जमेल?’ असे मोघम नव्हे. तीन तारखा द्यायच्या, उत्तर कधीपर्यंत हवे ते लिहायचे आणि निरोप मार्गदर्शकांच्या नावाने जाऊ द्यायचा. विद्यार्थ्याच्या पत्राला प्राध्यापक सवडीने उत्तर देतात. निमंत्रकाच्या पत्राला देतात तरी.

बैठक जुलैतच का उरकू नये? एक तर हाती नोंद नसते. दुसरे कारण कर्जत लोकलने जाणाऱ्याला सांगायला नको. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजाराहून जास्त प्रवाशांना सोडवावे लागले होते. पावसाळ्यातल्या बैठकीला ऑनलाइन जोडणीची सोय आधीच ठरवून ठेवलेली बरी. सकाळी दहाची वेळही टाळावी, खोपोलीहून गाड्याच मोजक्या.

अहवाल जायचा तो १३ ऑगस्टला. म्हणजे ९ तारखेच्या नोंदीनंतर वाळवायला, तोलायला आणि लिहायला चार दिवस, आणि समितीला वाचायला आठवडाभर. घाई होते खरी, पण जमते, कारण अहवाल पाच-सहा पानांपेक्षा मोठा असूच नये. पहिल्या पानावर मागच्या बैठकीतली प्रत्येक सूचना आणि तिचे काय झाले ते. मग तक्ता, प्रत्येक चौकटीच्या आकड्यांसह. नुसती सरासरी दिली की तफावत झाकली जाते, आणि समितीला नेमके तेच बघायचे असते. काय फसले तेही लिहावे: एका शेतकऱ्याने नोंदीआधीच बेणणी केली, ते खाचर बाद. शेवटी समितीकडून हवे असलेले दोन-तीन निर्णय, प्रश्न म्हणूनच लिहिलेले: ‘चौकटी वाढवू का? बाद खाचराच्या जागी दुसरे घेऊ का?’ भातशेतीचे महत्त्व सांगणारी प्रस्तावना मात्र नको. कर्जतच्या शास्त्रज्ञाला ती काय सांगायची?

प्रत्यक्षात बरेचदा उलटे घडते. अहवाल बैठकीच्या टेबलावरच हातात पडतो, चाळीस स्लाइड भराभर सरकतात, चहा येतो आणि शेऱ्यात ‘प्रगती समाधानकारक’ असे लिहून सह्या होतात. असे आढावे ओळखणे सोपे आहे. एकाच संशोधकाचे चार-पाच अहवाल शेजारी ठेवा. शेरा शब्दशः तोच, मागच्या सूचनेचा पुढच्या अहवालात उल्लेख नाही, आणि सह्या एकाच पेनाने एकाच दिवशी केल्यासारख्या. चौकशी समितीला याहून जास्त पुरावा लागत नाही. नुकसान संशोधकाचेही होते. पाचव्या वर्षी कोणी ‘ही पद्धतच चुकीची’ म्हणाले, तर ती समितीने मान्य केली होती हे दाखवायला त्याच्याकडे कागद नसतो. नियमात शिफारशींची प्रत देण्याची तरतूद आहे ती मागून घ्यावी, त्यात संकोच कसला?

ऑगस्ट हुकलाच तर कर्जतकरांना एक आधार आहे. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणारे पाणी राजनाला कालव्यात येते, आणि त्यावर काही गावांत उन्हाळी भात होते. डिसेंबरात आलेली पाच चौकटींची सूचना तिथे निदान पद्धत म्हणून तपासता येते. आकडे मात्र खरिपाच्या तक्त्यात घालता येणार नाहीत, कारण उन्हाळी खाचरात पाण्याची तऱ्हा वेगळी आणि तणही वेगळे. आणि खालापूरच्या ज्या खाचरांना कालवा नाही, त्यांना पुढच्या जुलैची वाट पाहावीच लागते.