१,९०० तासांतली ८२ मिनिटं

विमान जमिनीला टेकण्यापूर्वीच्या शेवटच्या काही क्षणांत वैमानिक नाक किंचित वर घेतो, उतरण्याचा वेग मोडतो आणि चाकं अलगद धावपट्टीवर ठेवतो. याला फ्लेअर म्हणतात. छोट्या विमानात हा खेळ साधारण पाच सेकंदांचा. नवशिक्याला सगळ्यात अवघड जाणारी गोष्ट हीच, आणि प्रशिक्षकाचा कस लागतो तोही इथेच.

आता एक हिशेब करू. समजा, एक सहवैमानिक एअरबस ए३२० सोडून बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणच्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवायला जायचं म्हणतो. त्याच्या लॉगबुकात १,९०० तास आहेत. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास लागतात, ते त्याने सेसनावर आणि थोडे दोन इंजिनांच्या विमानावर केले. उरलेले १,७०० तास ए३२०चे. एक फेरी सरासरी पावणेदोन तासांची धरली, तर ९७० फेऱ्या होतात. पण कॉकपिटमध्ये दोघं असतात आणि एका फेरीत एकच जण विमान चालवतो, दुसरा देखरेख करतो. म्हणजे याच्या हातून झालेली लँडिंग सुमारे ४८५. शिकताना मात्र तो धावपट्टीभोवती सर्किट मारत होता, टेकवायचं आणि लगेच उडायचं. एका सर्किटला सात-आठ मिनिटं लागतात. त्या २०० तासांतच त्याची ५०० लँडिंग झाली असं धरू. सगळी मिळून ९८५, प्रत्येकी पाच सेकंद. १,९०० तासांत प्रत्यक्ष फ्लेअरचा अनुभव एक तास बावीस मिनिटांचा!

आणि त्यातली निम्म्याहून जास्त मिनिटं आली ती पहिल्या २०० तासांतून, ज्यांचा उल्लेख बहुतेक जण बायोडेटात लाजत लाजत करतात.

बायोडेटाच्या माथ्यावर तीन-चार ओळींचा सारांश असतो. तिथे बहुतेक वैमानिक लिहितात: ‘एकूण १,९०० तास, ए३२० टाइप रेटिंग, मल्टी-इंजिन, इन्स्ट्रुमेंट रेटिंग, शिकवण्याची आवड.’ एअरलाइनला हे पुरतं. फ्लाइंग स्कूलच्या चीफ फ्लाइंग इन्स्ट्रक्टरला मात्र यातून काहीच कळत नाही, कारण त्याचा प्रश्न निराळा आहे. हा माणूस उजवीकडे बसला असताना डावीकडचं पोर विमान चुकीच्या उंचीवर सपाट करू लागलं, तर याला ते वेळेत दिसेल का?

उंचीचा हा मुद्दा साधा नाही. ए३२० टेकतं तेव्हा वैमानिकाचा डोळा जमिनीपासून पहिल्या मजल्याच्या खिडकीइतका उंच असतो. शिवाय रेडिओ अल्टिमीटर मोठ्याने ‘फिफ्टी, थर्टी, ट्वेंटी’ असं मोजून सांगतो. सेसना १७२मध्ये असं मोजणारं कोणी नाही आणि डोळा जेमतेम उभ्या माणसाइतका उंच. एअरबसवर बसलेली नजर सेसनात नेली, की हात फार वरच नाक उचलतात. वेग गळतो, पंखांची उचल संपते आणि विमान काही फुटांवरून धप्पकन बसतं.

पायांचंही तसंच. सेसनाचा प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्यामुळे पूर्ण शक्ती दिली की नाक डावीकडे ओढ घेतं आणि उजव्या रडरवर पाय दाबून धरावा लागतो. जेटमध्ये ही ओढ नसते, यॉ डॅम्परही काम करत असतो. म्हणून एअरलाइनमधून आलेल्यांचे पाय आळशी झाले आहेत, असं जुने प्रशिक्षक म्हणतात. ते खरंच आहे.

मग १,७०० तास फुकट गेले का? मुळीच नाही. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट साइडस्टिकमध्ये सापडते. सेसनाचे दोन योक एकमेकांना जोडलेले असतात. विद्यार्थ्याने योक घट्ट आवळला, तर प्रशिक्षकाच्या दोन बोटांना ते कळतं. ए३२०च्या दोन साइडस्टिक मात्र जोडलेल्या नाहीत. सहवैमानिक काय करतोय ते कप्तानाच्या हाताला जाणवत नाही. दोघांनी एकदम हलवल्या तर दोन्ही आज्ञांची बेरीज होते आणि ‘ड्युअल इनपुट’ अशी सूचना कानावर येते. त्यामुळे तिथे ‘आय हॅव कंट्रोल’, ‘यू हॅव कंट्रोल’ हे शब्द तोंडात इतके मुरतात, की ताबा कोणाकडे आहे याबद्दल संदिग्धता उरत नाही. छोट्या विमानात नेमकी हीच संदिग्धता घात करते. विद्यार्थ्याला वाटतं सर सांभाळतायत, सरांना वाटतं तो सांभाळतोय. एअरबसवाल्याकडे बोटांची जाण कमी, पण शब्दांची शिस्त पक्की. सारांशात ही शिस्त लिहायची.

इन्स्ट्रुमेंट रेटिंगलाही असंच उलगडता येतं. आपल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव फार सावकाश वळण ओळखत नाही आणि एकसारखं वळण काही वेळ चालू राहिलं, तर ‘आपण सरळ चाललोय’ असं सांगू लागतो. ढगात शिरलेल्या वैमानिकाला शरीर खोटं सांगत असताना कृत्रिम क्षितिजावर विश्वास ठेवावा लागतो. ज्याने हे पावसाळी ढगांत अनेकदा अनुभवलं आहे, तो विद्यार्थ्याला ‘आता तुला डावीकडे कलल्यासारखं वाटेल’ असं आधीच सांगू शकतो. नुसतं रेटिंगचं नाव लिहिलं, तर हे त्यात दिसत नाही.

आणखी एक जमेची बाजू आहे, जी सहवैमानिकांच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. ते उजव्या सीटवर बसतात. उजव्या हातात स्टिक, डाव्या हातात इंजिनांच्या शक्तीचे लिव्हर. सेसनातल्या प्रशिक्षकाची मांडणी हुबेहूब हीच! योक उजव्या हातात, थ्रॉटल डाव्या. ए३२०चा कप्तान शिकवायला आला, तर हजारो तासांची सवय त्याला दोन्ही हातांत अदलून बदलून घ्यावी लागते.

बायोडेटा इंग्रजीत जाईल, पण आपल्या माणसाचा सारांश मराठीत मांडला तर तो असा होईल:

‘सेसना १५२/१७२वर मूळ प्रशिक्षण, सुमारे ५०० लँडिंग. त्यानंतर ए३२०वर सहवैमानिक म्हणून १,७०० तास, सर्व उजव्या सीटवरून. सुमारे ४८५ लँडिंग स्वतःच्या हाताने. ताबा देण्या-घेण्याची आणि चेकलिस्टची शिस्त हे बलस्थान. मान्सूनच्या ढगांत इन्स्ट्रुमेंट उड्डाणाचा नियमित अनुभव. चार वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सेसनावर. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंगचं प्रशिक्षण चालू. शिकवण्याचे तास अद्याप शून्य.’

खंडाचं आणि शून्य तासांचं, ही दोन वाक्यं बरेच जण गाळतील. माझ्या मते तीच ठेवायला हवीत. लॉगबुकात पायलट इन कमांड आणि सहवैमानिक यांचे रकाने वेगळे असतात, तारखाही असतात, त्यामुळे चार वर्षांचा खंड पहिल्याच पडताळणीत दिसणार. लँडिंगचे आकडेही लॉगबुकातून मोजूनच लिहावेत. मी वर धरला तो अंदाज फक्त हिशेबापुरता. असा सारांश वाचल्यावर चीफ इन्स्ट्रक्टर बहुधा मुलाखतीत फार वेळ घालवणार नाही. तो स्वतः डाव्या सीटवर बसेल, विद्यार्थी असल्यासारखा मुद्दाम पाच-सहा फूट वरच विमान सपाट करेल आणि उजवीकडचा हात योककडे कधी जातो ते पाहील.