वाचकांची पत्रे: निवड, खातरजमा आणि कात्री

वाचकांच्या पत्रांचे सदर लिहितात बाहेरची माणसे, पण त्यातल्या ओळींसाठी कोर्टात उभे राहण्याची वेळ संपादकावरही येते. ‘पत्रातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही सदराखालची ओळ बदनामीच्या खटल्यात फारशी उपयोगी पडत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे बदनामीकारक मजकूर लिहिणारा आणि तो प्रसिद्ध करणारा असे दोघेही दोषी ठरू शकतात. म्हणून पत्रे पाहणारा उपसंपादक प्रत्येक पत्राबाबत तीन गोष्टी ठरवतो: ते घ्यायचे का, त्यातले खरे किती आणि त्यातले छापायचे किती.

पहिली चाळणी झटपट होते. ज्या पत्रावर नाव, पत्ता आणि फोन नंबर नाही ते बाजूला पडते. तेच पत्र शब्दाचाही फरक न करता दोन-तीन दैनिकांना पाठवलेले असेल, तर तेही वगळले जाते. एकाच विषयावर वेगवेगळ्या नावांनी आलेल्या पत्रांत तीच वाक्ये त्याच क्रमाने येऊ लागली, की कोणीतरी मसुदा वाटला आहे हे ओळखावे. अशा वेळी संख्या पाहून प्रतिसाद मोठा समजणे ही फसगत ठरते. फार तर त्यातले एखादे पत्र घ्यावे. नेहमीच्या पत्रलेखकांचा प्रश्न याहून नाजूक असतो. मुंबईत वृत्तपत्र लेखकांचा संघ आहे, यावरून महाराष्ट्रात हा छंद किती रुजलेला आहे ते कळते. ही मंडळी नेटके, वेळेवर आणि मोजक्या शब्दांत लिहितात, म्हणून डेस्कला ती सोयीची वाटतात. पण रोज तीच चार नावे दिसू लागली की सदर त्यांचेच होऊन बसते. पहिल्यांदाच लिहिणाऱ्याचे अडखळते पत्र जास्त मेहनत मागते; तरीही त्याला जागा द्यावी, कारण त्याच्यापाशी बहुधा स्वतः पाहिलेले काहीतरी असते.

वादाच्या विषयावर आलेली सगळी पत्रे छापण्याचे बंधन संपादकावर नाही. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारसंहितेने निवडीचा अधिकार त्याला दिला आहे, मात्र छापलेला मजकूर एकतर्फी होऊ नये यासाठी त्याने प्रामाणिक प्रयत्न करावा अशी अपेक्षाही ठेवली आहे. याचा अर्थ दोन्ही बाजूंची पत्रे मोजून सारखी छापणे असा नव्हे. विरोधातले सर्वांत दुबळे पत्र निवडून ‘दुसरी बाजूही दिली’ म्हणणे ही जुनी लबाडी आहे, आणि जाणत्या वाचकाच्या ती लगेच लक्षात येते.

खातरजमेचे मोल मराठी वृत्तपत्रसृष्टीने फार लवकर मोजले. ‘केसरी’ सुरू झाला १८८१ मध्ये. पुढच्याच वर्षी कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी गंभीर आरोप केले. त्यामागे बर्व्यांच्या म्हणून दाखवल्या गेलेल्या पत्रांचा आधार होता. बर्व्यांनी बदनामीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट असल्याचे खटल्यात निष्पन्न झाले. टिळक आणि आगरकर यांना प्रत्येकी चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढले. ही पत्रे वाचकांच्या सदरातली नव्हती, पण धडा तोच आहे. पत्र आणणारा विश्वासू वाटला किंवा हेतू चांगला होता, म्हणून अक्षर आणि सही खरी ठरत नाही.

खातरजमा दोन पायऱ्यांनी होते. आधी माणूस खरा आहे का ते पाहायचे. दिलेल्या नंबरावर फोन करून ‘हे पत्र तुम्हीच लिहिले ना?’ एवढेच न विचारता, पत्रात काय म्हटले आहे ते त्यालाच सांगू द्यायचे. दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवून त्याला अडचणीत आणण्याचे प्रकार याच फोनवर उघडे पडतात. नाव न छापण्याची विनंती असेल आणि कारण पटण्यासारखे असेल, उदाहरणार्थ नोकरी जाण्याची भीती, तर नाव मागे ठेवता येते. संपादकाला मात्र ते ठाऊक असले पाहिजे. दुसरी पायरी मजकुराची. मत तपासायचे नसते, ज्या घटनेवर ते उभे आहे ती तपासायची असते.

एक काल्पनिक पत्र घेऊ. ‘महोदय, आपल्या लोकप्रिय दैनिकाचा मी वीस वर्षांपासून वाचक आहे. आमच्या गावच्या पाणीयोजनेची टाकी तीन वर्षांपूर्वी बांधून झाली, पण आजतागायत तिच्यात पाण्याचा थेंब पडलेला नाही. सरपंच आणि ठेकेदाराने मिळून पैसे खाल्ले, हे शेंबडे पोरही सांगेल. आमच्या घरातल्या बायका दीड किलोमीटरवरून पाणी आणतात. प्रशासनाला जाग कधी येणार?’

उपसंपादक तालुक्याच्या वार्ताहराला फोन लावतो. टाकी कोरडीच आहे, पण काम पूर्ण होऊन दोन वर्षे झाली, असे कळते. हा बदल परस्पर करायचा नसतो. पत्रलेखकाला विचारल्यावर तो आठवून ‘हो, दोनच’ म्हणतो आणि आकडा दुरुस्त होतो. पैसे खाल्ल्याचे वाक्य काढावे लागते. त्याजागी ‘पैसे खाल्ले असावेत अशी चर्चा आहे’ असे लिहिले तरी सुटका नाही. आरोप चर्चेच्या पांघरुणाखालीही आरोपच राहतो. लेखकाकडे लेखापरीक्षणाचा अहवाल असेल, तर तो वार्ताहराकडे द्यावा. सरपंचाची बाजू घेऊन त्याची बातमी होईल, पण ती पत्राच्या सदरात बसणार नाही.

आता कात्री. ‘लोकप्रिय दैनिक’ आणि ‘वीस वर्षांपासून वाचक’ बिनदिक्कत जाते. राहते ते असे: ‘आमच्या गावच्या पाणीयोजनेची टाकी दोन वर्षांपूर्वी बांधून झाली, पण आजतागायत तिच्यात पाण्याचा थेंब पडलेला नाही. आमच्या घरातल्या बायका दीड किलोमीटरवरून पाणी आणतात. प्रशासनाला जाग कधी येणार?’ शेवटचा प्रश्न गुळगुळीत झालेला आहे आणि एरवी तोच पहिला उडतो. इथे मात्र आरोप काढल्यावर लेखकाचा संताप त्या एका वाक्यातच उरला आहे, म्हणून तो ठेवलेला बरा. ‘योजनेची चौकशी व्हावी’ असे वाक्य उपसंपादकाने पदरचे जोडले, तर ते कितीही रास्त असले तरी ती मागणी लेखकाची नसते. काटछाटीत शब्द कमी करता येतात, भर घालता येत नाही. शुद्धलेखन सुधारावे, बोलीचा बाज मोडू नये.

सर्वांत घातक कात्री ‘पण’ या शब्दावर चालते. ‘निर्णय योग्य आहे, पण अंमलबजावणी घाईची आहे’ यातला उत्तरार्ध जागेअभावी कापला, तर विरोधक समर्थक ठरतो. पत्र एक तृतीयांशावर आणावे लागत असेल तर लेखकाला विचारावे, नाहीतर ते सोडून द्यावे. मथळा तर लेखकाचा नसतोच. तो डेस्कवर तयार होतो, आणि पत्रापेक्षा मथळा तिखट झाला तर जबाबदारी सर्वस्वी डेस्कची.

पत्र छापल्यावर ज्याच्यावर टीका झाली त्याचा खुलासा आला, तर तो लवकर आणि ठळकपणे छापावा, हवा तर काटछाट करून, पण विनामूल्य, असे प्रेस कौन्सिलचे निकष सांगतात. खुलाशाला पुन्हा उत्तर आणि त्या उत्तराला प्रत्युत्तर सुरू झाले, की चर्चा कुठे थांबवायची हे संपादक ठरवतो आणि ‘या विषयावरील पत्रव्यवहार आता बंद करण्यात येत आहे’ अशी ओळ टाकतो.