मन गोंधळलेलं असताना वहीत काय लिहावं?

अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२च्या ऑगस्टपासून काँग्रेस कार्यकारिणीचे नेते कैदेत होते. त्यांच्यापैकी मौलाना आझाद तिथे आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रं लिहीत. ती पाठवता येणार नाहीत हे लिहितानाच त्यांना माहीत होतं. १९४३च्या एप्रिलमध्ये त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या, आणि त्यानंतर लगेच आझादांनी त्याविषयी एक पत्र लिहिलं.

पत्नीच्या आजाराची खबर आल्यापासून आपण दिनक्रमात तसूभर बदल केला नाही, असं ते त्या पत्रात सांगतात. पण तेवढ्यावर थांबत नाहीत. वर्तमानपत्रं घेऊन येणाऱ्या अधिकाऱ्याची पावलं वाजली की काळीज धडधडू लागायचं, हेही ते लिहितात. आणि मग कबूल करतात, की वरवरची शांतता बऱ्याच अंशी दाखवण्यापुरती होती. आपला धीर सुटला असं कुणाला दिसू नये, हा मनाचा अभिमान त्यामागे होता. पुढे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या पुस्तकात ही पत्रं छापली गेली.

डायरी लिहायला बसणाऱ्याने या पत्राची बांधणी पाहावी. त्यात घडलेली गोष्ट आहे, शरीराने दिलेली खूण आहे, आणि आपण असे का वागलो याचा शोधही आहे. नुसता शोक त्यात नाही. गोंधळलेल्या भावना सुटतात त्या या जोडणीमुळे. डायरीविषयीचे बहुतेक गैरसमज ही जोडणी विसरल्यामुळेच झालेले आहेत.

गैरसमज: मनातलं सगळं ओतून टाकलं की मोकळं वाटतं

जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या अमेरिकी संशोधकांनी १९८६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायचं. काहींनी आयुष्यातल्या क्लेशकारक प्रसंगाचा फक्त तपशील लिहिला, काहींनी फक्त भावना, काहींनी दोन्ही आणि उरलेल्यांनी किरकोळ विषय. पुढच्या महिन्यांत दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या त्या तपशील आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या. मात्र लिहून झाल्या-झाल्या त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जडच झालं होतं. म्हणून पहिल्या दिवशी वही मिटताना उदास वाटलं, तर आपलं काही चुकलं असं समजू नका.

२००२ साली उलरिच आणि लुटगेंडॉर्फ यांच्या अभ्यासात हे आणखी स्पष्ट झालं. महिनाभर नुसत्या भावनाच लिहिणाऱ्यांनी दुखण्या-खुपण्याच्या तक्रारी जास्त नोंदवल्या. भावनांसोबत त्यांचा अर्थ लावणाऱ्यांना त्या प्रसंगातून काही चांगलंही हाती लागल्यासारखं वाटलं. नुसती आग ओकत राहिलं की तीच आग आपण रोज नव्याने पेटवतो.

गैरसमज: ‘मला असं का वाटतंय?’ हा प्रश्न सर्वात खोल

नवखा माणूस हाच प्रश्न पहिला लिहितो आणि इथेच अडकतो. प्रसंगात बुडालेलं असताना स्वतःला ‘का?’ विचारलं, की उत्तराऐवजी आरोप येतात: मी असाच आहे, त्यांनी कायम असंच केलं. ‘का’ विचारायचंच, पण थोडं उशिरा आणि थोडं लांबून.

समजा, पारनेर तालुक्यातला एक तरुण आहे. घरची शेती आणि सहा गायी तो बघतो. धाकट्या भावाला पुण्यात नोकरी लागली, घरी पेढे वाटले. तेव्हापासून हा चिडचिडा झालाय. वहीत लिहितो: “डोकं खराब आहे. कशातच मन लागत नाही. मला भावाचं चांगलं का बघवत नाही?” दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. लिखाण पुढे सरकत नाही.

आता तो प्रश्न बदलतो. पहिला प्रश्न: नेमकं कधी बिनसलं? तिथे उभ्या असलेल्या परक्या माणसाला जेवढं दिसलं-ऐकू आलं असतं, तेवढंच लिहायचं. तो लिहितो: “रविवारी संध्याकाळी आई पाहुण्यांना म्हणाली, हा आहे म्हणून धाकट्याला जाता आलं. सगळे हसले. मी धार काढायला उठून गेलो.” म्हणजे बिनसलं ते पेढे वाटताना नाही, आईने कौतुक केलं तेव्हा. तीन दिवसांच्या ‘का’मध्ये जे दिसलं नाही, ते तीन वाक्यांत समोर आलं.

दुसरा प्रश्न: त्या क्षणी अंगात काय झालं? “घसा दाटला. कान गरम झाले.” मत्सर म्हणून जे तो धरून बसला होता, त्यात रडू होतं.

तिसरा प्रश्न मला सर्वात उपयोगी वाटतो. एक वाक्य अर्धं लिहायचं, त्याला ‘आणि त्याच वेळी’ हे शब्द जोडायचे आणि पुढचं पूर्ण करायचं. “भावाचा मला अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी मला कुणी विचारलंच नाही याचं वाईट वाटतं.” इथे ‘पण’ वापरू नये, कारण ‘पण’ आला की पहिली भावना खोटी ठरते. गोंधळ बहुधा दोन खऱ्या भावना एकत्र आल्यामुळे होतो, एकीला हुसकून तो सुटत नाही.

मग ‘का’. इथे स्वतःला नावाने, ‘तो’ म्हणून लिहावं. इथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, लांबून पाहत ‘का’ विचारणारे लोक त्याच त्या विचारात कमी गुरफटले. तरुण लिहितो: “त्याला राग आला, कारण घरी राहायचं त्याने ठरवलं नव्हतं, ते ठरून गेलं होतं.” शेवटचा प्रश्न: यातलं कुणाशी, काय बोलायचं? उत्तर: दुधाचा हिशेब आणि त्यातला माझा वाटा, याविषयी आईशी.

लिखाण पुढे जातंय का, हे शब्दांवरून कळतं. दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतंय’ असे शब्द वाढले तर गाठ सैल होतेय. तीच तक्रार त्याच शब्दांत परत आली तर प्रश्न बदला.

गैरसमज: रोज आणि नीटनेटकं लिहायला हवं

तसं काही नाही. तीन-चार दिवस, पंधरा-वीस मिनिटं एवढं एका प्रश्नाला पुरतं. शुद्धलेखन बघू नका. घरात वही कुणाच्या हाती लागेल अशी भीती असेल, तर सुट्या कागदावर लिहा आणि फाडून टाका. भीती असेल तर माणूस वहीतही खोटं लिहितो.

गैरसमज: लिहिलं की सगळ्यांनाच फायदा होतो

जोआन फ्रॅटारोली यांनी २००६ साली १४६ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी फायदा खरा, पण लहान निघाला. डेव्हिड स्बारा यांच्या २०१३च्या अभ्यासात, नुकतेच जोडीदारापासून वेगळे झालेले आणि सतत अर्थ शोधत राहणारे लोक भावनिक लिखाणाने उलट मागे पडले. त्यांच्या बाबतीत दिवसभराच्या साध्या नोंदी बऱ्या ठरल्या. आघात ताजा असेल, तर थांबा. एखाद्या विषयावर लिहिताना आपण कोसळू असं वाटलं, तर तो विषय त्या दिवशी सोडून द्या. लिहूनही झोप उडालेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोला. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं.