काचबिंदूचे थेंब : दोन औषधांत किमान पाच मिनिटे

हात धुवा. मान मागे टाका, खालची पापणी बोटाने हलकेच ओढून खळगा करा आणि बाटलीचे टोक डोळ्याला किंवा पापणीला न लावता त्यात एकच थेंब सोडा. दुसरा थेंब गालावरच ओघळतो, कारण डोळ्यात एका थेंबाइतकीही जागा नसते. थेंब आत पडल्याची खात्री नसेल, तरच पुन्हा टाका.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. डोळा अलगद मिटा, उघडझाप करू नका आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटे दाबून धरा. तिथून अश्रूंची नळी नाकात उतरते. ती दाबली नाही, तर औषध नाकावाटे रक्तात जाते. टिमोलॉलसारख्या थेंबांनी दम्याच्या रुग्णाला धाप लागू शकते, नाडीही मंदावते. घशात कडू चव आली, तर दाब नीट पडला नाही असे समजा.

रात्री टिमोलॉल आणि लॅटानोप्रोस्ट दोन्ही असतील, तर पहिले नऊ वाजता आणि दुसरे नऊ वाजून पाच मिनिटांनी टाका. दहा मिनिटे थांबलात तर उत्तमच. घाई केली, तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो. ब्रिंझोलामाइडसारखे गढूळ औषध आधी हलवून घ्या. मलम किंवा जेल सर्वांत शेवटी.

बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा. बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात. धाप लागली किंवा चक्कर आली, तर लगेच डॉक्टरांना कळवा. दम्याचा त्रास असल्यास तो आधीच सांगा.