वायद्याचा डॉलर

सोलापुरात टॉवेल विणून अमेरिकेस पाठविणाऱ्या एका परिचित कारखानदारांच्या पेढीवर बसून मी अलीकडेच फॉरवर्ड करार होताना पाहिला. सूत, रंग आणि मजुरी यांचे रुपये खर्ची पडले होते, माल जहाजावर चढून बिल बँकेत दाखल झाले होते. परंतु त्याचे ५०,००० डॉलर यावयास दोन ते तीन महिन्यांचा अवधी होता, आणि तोवर डॉलर दोन रुपयांनी उतरला तर त्या मालावरचा बहुतेक नफा बुडणार होता.

हिशेबाच्या सोयीसाठी त्या दिवसाचा हजर दर ८४ रुपये धरू. बँकेने पुढच्या तारखेसाठी त्याहून चढा दर देऊ केला. हा चढाव बँकेचे भाकीत असावे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः तो केवळ व्याजाचा हिशेब असतो. बँक आज डॉलर कर्जाऊ घेऊन विकते, आलेले रुपये व्याजी लावते आणि मुदतीस निर्यातदाराकडून मिळालेल्या डॉलरांतून ते कर्ज फेडते. रुपयावर साडेसहा आणि डॉलरवर साडेचार टक्के व्याज असेल, तर वर्षाचा दोन टक्क्यांचा फरक दोन महिन्यांस सुमारे २८ पैसे होतो. त्यातून तीन पैसे बँकेने आपल्याकडे ठेवले आणि ८४.२५ हा दर कायम झाला. पैसे तिसऱ्या महिन्यात कोणत्याही दिवशी देण्याची सवलत निर्यातदाराने मागून घेतली होती, म्हणून बँकेने प्रीमियम त्या महिन्याच्या आरंभापर्यंतचाच मोजला. सवलतीची किंमत अशी मुकाट्याने वसूल होते.

खरी मसलत झाली ती रकमेविषयी. या करारात दर बांधला जातो, त्याचप्रमाणे निर्यातदारही बांधला जातो. ग्राहकाने रंगाच्या तक्रारीवरून १०,००० डॉलर कापून घेतले आणि तेव्हा बाजारात डॉलर ८६ रुपये असला, तर न आलेले तेवढे डॉलर बँकेकडून ८६ ने विकत घेतल्याप्रमाणे हिशेब होऊन, ८४.२५ शी पडणारा पावणेदोन रुपयांचा फरक, म्हणजे १७,५०० रुपये, पदरचे भरावे लागतात. पैसे येण्यास नुसता विलंब झाला, तरी जुना करार त्या दिवसाच्या दराने मिटवून नवा करावा लागतो. डॉलर वर गेल्याचा लाभ हातून गेला, ही हळहळ मला या भुर्दंडापुढे गौण वाटते, कारण ती किंमत जाणूनबुजून मोजलेली असते.

म्हणून कारखानदारांच्या मुनीमजींनी या ग्राहकाची जुनी बिले काढली आणि प्रत्येक बिलापोटी किती रक्कम कापली गेली व किती दिवस उशीर झाला, हे ताडून पाहिले. पूर्ण रक्कम क्वचितच आली होती. कपात मात्र पाचव्या हिश्शाच्या आतच राहिली होती. मालकांनी ४०,००० डॉलरांचाच करार केला, ३३,७०,००० रुपये निश्चित करून घेतले आणि उरलेले १०,००० डॉलर बाजाराच्या हवाली ठेवले.