निजण्यापूर्वीचा सोहिला

मैत्रिणींनो, पाठवणीचं गाणं रोज रात्री अंथरुणाशी बसून म्हणतात, हे ठाऊक आहे तुम्हांला? शीख घरांत निजण्यापूर्वी 'कीर्तन सोहिला' म्हणतात. सोहिला म्हणजे मंगलगीत. त्यात पाच पदे आहेत: तीन गुरू नानकांची, एक चौथे गुरू रामदास यांचे (आपले समर्थ नव्हेत) व एक पाचवे गुरू अर्जनदेव यांचे.

पहिल्या पदात जीव ही नवरी आहे. लग्नाची तिथी ठरलेली आहे. सख्यांनी उंबऱ्यावर तेल घालावं नि पतीची, म्हणजे परमेश्वराची, भेट होवो असा आशीर्वाद द्यावा, असं ती विनवते. नवरीसाठी आपल्याकडे उंबऱ्यावर माप ठेवतात, तसाच तिकडे तेलाचा रिवाज. ही पाठवणी म्हणजे मृत्यू. म्हणूनच अंत्यसंस्काराच्या वेळीही सोहिलाच म्हणतात.

घरी मात्र त्यात भीती नसते. हातपाय धुऊन, डोकं झाकून सारे बसतात. ज्याला पाठ आहे तो मोठ्यानं म्हणतो, मुलं मागून म्हणतात. पाच-सात मिनिटांत होतं. लहानांना तिसऱ्या पदातली आरती चटकन समजते: आकाशाचं तबक, सूर्यचंद्राचे दिवे, ताऱ्यांचे मोती.

पुढे आजोबा जातात, तेव्हा स्मशानात तेच शब्द कानी येतात. मुलांना ते परके वाटत नाहीत. रोज रात्री आजोबांनीच ते शिकवलेले असतात.