आजींच्या सिमचा वर्षाचा खर्च

वाई तालुक्यातल्या एखाद्या गावात राहणाऱ्या पंचाहत्तरीच्या आजी डोळ्यांसमोर आणा. फोन दिवसातून चार-पाच वेळा वाजतो, त्यातले बहुतेक फोन समोरूनच आलेले. बँकेचा ओटीपी येतो, गॅस सिलिंडरचा मेसेज येतो, आणि रविवारी पुण्याच्या नातवाशी अर्धा तास व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल होतो. मुलगा दर महिन्याला स्वतःचा रिचार्ज करताना आईलाही तोच मारून टाकतो: रोज एक जीबीचा, अठ्ठावीस दिवसांचा. २०२५ च्या सुरुवातीला एअरटेलचा असा प्लॅन २९९ रुपयांना होता. अठ्ठावीस दिवसांचा महिना धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात, म्हणजे ३,८८७ रुपये. आजींना मिळालेल्या डेटापैकी बहुतेक रोज मध्यरात्री न वापरताच संपून जातो.

अशा ग्राहकाला खरं तर विकत घ्यायचे असतात ते दिवस, म्हणजे नंबर चालू राहण्याची मुदत. बोलणं आणि डेटा त्यानंतर. कंपन्यांच्या ॲपमध्ये मात्र नजरेत पहिल्यांदा भरतात ते मोठ्या डेटाचे प्लॅन.

२३ डिसेंबर २०२४ रोजी ‘ट्राय’ने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम दुरुस्त केले. फक्त कॉल आणि एसएमएस देणारा, डेटा नसलेला किमान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे असं ठरलं, आणि अशा खास पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. पुढच्याच महिन्यात हे पॅक बाजारात आले. थोड्या कमी-जास्तीनंतर एअरटेलचे दर ८४ दिवसांना ४६९ आणि ३६५ दिवसांना १,८४९ रुपयांवर स्थिरावले. जिओने ८४ दिवसांना ४४८ आणि ३३६ दिवसांना १,७४८ रुपये लावले. हे आकडे त्या वेळचे आहेत आणि दर बदलत राहतात, पण हिशेबाची रीत तीच राहते.

ती रीत सोपी आहे. किमतीला दिवसांनी भागायचं. एअरटेलचा वर्षाचा पॅक दिवसाला पाच रुपये सात पैसे पडतो, ८४ दिवसांचा साधारण साडेपाच रुपये. २ जीबी डेटासह २८ दिवसांचा १९९ रुपयांचा प्लॅन दिसायला स्वस्त, पण दिवसाला सात रुपयांच्या वर जातो. इथे एक बारकावा लक्षात ठेवायचा: जिओचा ‘वर्षाचा’ पॅक ३३६ दिवसांचा, म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे बारा महिने. एकूण किमतीत तो एअरटेलपेक्षा शंभर रुपयांनी कमी दिसतो, दिवसामागे मात्र सुमारे चौदा पैशांनी महाग पडतो.

बोलण्याचं गणित आता बहुतेकांसाठी सुटलेलं आहे, कारण या सगळ्या पॅकमध्ये कॉल अमर्याद असतात. एसएमएस तेवढे मोजून मिळतात, वर्षाच्या पॅकमध्ये ३,६००. पण ही मोजणी पाठवलेल्या एसएमएसची असते. येणाऱ्या ओटीपीचा तिच्याशी संबंध नाही. अपवाद बीएसएनएलचा. तिच्या १,१९८ रुपयांच्या वार्षिक प्लॅनमध्ये महिन्याला ३०० मिनिटं आणि ३ जीबी डेटा होता. दिवसाला सव्वातीन रुपये, म्हणजे सगळ्यांत कमी. तीनशे मिनिटं म्हणजे रोज सरासरी दहा. ही मर्यादा आपण केलेल्या कॉलना लागते, त्यामुळे ज्यांचे फोन बहुतेक येणारेच असतात त्यांना ती पुरते. बहिणीला रोज फोन करून अर्धा-अर्धा तास बोलणाऱ्या आजींची मिनिटं मात्र दहाव्या दिवशीच संपतील. अंदाज बांधण्यापेक्षा फोनमधली कॉलची यादी उघडून गेल्या महिन्यात किती बोलणं झालं ते पाहावं.

टॉकटाइमचा रिचार्ज ही वेगळीच गोष्ट, आणि घोटाळा होतो तो इथेच. शंभर रुपयांच्या टॉप-अपमध्ये कर आणि शुल्क वजा जाऊन ८१ रुपये ७५ पैसे जमा होतात, पण प्लॅनची मुदत एका दिवसानेही वाढत नाही. घाईत टॉप-अप किंवा नुसता डेटा पॅक मारला जातो आणि दोन दिवसांनी फोन का लागत नाही म्हणून सगळे चक्रावतात. शिल्लक पैसे परस्पर कमी होत असतील तर कॉलर ट्यूनसारखी एखादी सेवा चुकून चालू झालेली असू शकते. ती १५५२२३ वर फोन करून बंद करता येते.

आता डेटा. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल मिनिटाला सुमारे पाच एमबी खातो असं धरलं, तर अर्ध्या तासाला दीडशे एमबी आणि चार रविवारांचे सहाशे. फोटो आणि सुप्रभातचे संदेश धरून एक जीबीत आजींचा महिना निघतो. एअरटेलचा ३० जीबी डेटासह वर्षाचा प्लॅन तेव्हा २,२४९ रुपयांना होता. डेटा नसलेल्या पॅकपेक्षा चारशे रुपये जास्त, आणि त्यात महिन्याला सरासरी अडीच जीबी. या आजींसाठी हाच प्लॅन योग्य: ३,८८७ च्या जागी २,२४९. घरात वाय-फाय असतं किंवा फोन कीपॅडचा असता, तर १,८४९ चा पॅक पुरला असता.

एक काळजी मात्र घ्यावी लागते. हे ३० जीबी एकदम हाती येतात, रोज ठरावीक मिळत नाहीत. ॲपचे अपडेट आणि गटांत फिरणारे व्हिडिओ आपोआप उतरत राहिले तर साठा दोन महिन्यांत आटतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटावरचं आपोआप डाउनलोड बंद करायचं आणि प्ले स्टोअरला फक्त वाय-फायवर अपडेट करू द्यायचे. एवढं केलं की गळती बरीचशी थांबते.

कीपॅड फोन असेल तर कंपनी बदलण्याआधी फोन कोणत्या नेटवर्कवर चालतो ते पाहायला हवं. जिओचं जाळं ४जी आणि ५जीचं आहे. जुन्या २जी हँडसेटमध्ये ते सिम चालत नाही, आणि स्वस्त प्लॅनसाठी नवा फोन घ्यावा लागतो.

मुदत उलटली की आधी आपल्याकडून फोन लागणं बंद होतं, मग येणारे कॉल आणि ओटीपीही थांबतात. वीस रुपये शिल्लक ठेवले की सिम चालू राहतं, अशी बातमी जानेवारी २०२५ मध्ये नवा नियम म्हणून फिरली. तो नियम २०१३ चा आहे. ९० दिवस काहीच वापर झाला नाही आणि खात्यात वीस रुपये असले, तर ते कापून नंबर आणखी तीस दिवस राखला जातो. नंबर राहतो, पण प्लॅन नसेल तर त्यावर नेहमीसारखी कॉल-ओटीपीची सेवा मिळेल असा त्याचा अर्थ नाही.

वर्षाचा रिचार्ज करण्यापूर्वी आजींच्या घरात, माजघरातही, रेंज येते का ते बघून घ्यावं. मध्येच कंपनी बदलली तर उरलेले दिवस आणि शिल्लक दोन्ही बुडतात. म्हणून नव्या कंपनीत गेल्यावर पहिला महिना २८ दिवसांचा पॅक घ्यावा, आणि फोन नीट लागतोय असं दिसल्यावरच वर्षाचे पैसे भरावेत.